पराभवनाम आत्या

आमच्या छापखान्यात प्रत्येकाला दोन नावं आहेत. एक आईबापांनी ठेवलेलं, ते पगारपत्रकापुरतं. दुसरं आत्यानं ठेवलेलं, ते तोंडातोंडी. मशीनवरचा दादा म्हणजे ‘रक्ताक्षी’. त्याचे डोळे बाराही महिने लालच असतात, पण ते नाव त्या लालीवरून पडलेलं नाही. त्याच्या जन्मवर्षाचं नावच ते आहे. डोळ्यांनी आपलं नुसतं नाव राखलं. मालकांचं जन्मवर्ष ‘प्रमादी’, म्हणजे चुका करणारा. आणि त्यांच्या हाताखाली आत्याची नोकरी काय, तर चुका शोधायची. हा विनोद तिनं इतक्या वर्षांत एकदाही मोठ्यानं केला नाही, पण मालक गल्ल्यावरून उठून आत गेले की ती नुसती माझ्याकडे बघते आणि मला हसू आवरत नाही.

मी तिची सख्खी भाची. संगणकावर पंचांगाची पानं जुळवते. माझा भाऊ ‘सिद्धार्थी’ वर्षाचा आणि माझ्या वाट्याला आलं ‘दुर्मती’. लहानपणी मी यावरून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आत्या म्हणाली होती, “अगं, त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्याच दुर्मती. तू एकटी कशाला रडतेस?” सांत्वन करायची तिची ही पद्धत. मला अजून तो राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचांगात वर्षाला नुसता आकडा नसतो, नावही असतं. अशी साठ नावं. प्रभवापासून सुरू होतात, क्षयाशी संपतात आणि पुन्हा प्रभव. म्हणजे साठ वर्षांनी माणसाच्या जन्मवर्षाचं नाव फिरून दारात येतं. आत्या ही साठही नावं एका दमात म्हणते. सत्तेचाळिसाव्याला, म्हणजे नेमकं मालकांच्या प्रमादीला, तिला दम लागतो. पूर्वी लागत नसे.

आणि कुठल्याही वर्षाचं नाव विचारा, ती पुस्तक उघडत नाही. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवते. चार बोटांची बारा पेरं, असे पाच फेरे की साठ. छापखान्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला तिनं हे गणित शिकवलंय. “इसवी सनातून अठ्ठ्याहत्तर वजा कर, शक मिळाला. त्यात बारा मिळव. साठानं भाग. बाकी उरेल तितक्या नंबरचं नाव. बाकी शून्य आली तर साठावं. यात अवघड काय आहे?” अवघड काही नाही. फक्त एक मेख आहे, ती ती शेवटी सांगते, आणि तोवर नवीन माणूस चहाला पळालेला असतो.

तर यंदाची गोष्ट. पुढच्या वर्षाचं पंचांग डिसेंबरात छपाईला निघालं होतं. दोन हजार सव्वीसातून अठ्ठ्याहत्तर गेले, शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस. अधिक बारा, एकोणीसशे साठ. त्यातून साठ गुणिले बत्तीस, म्हणजे एकोणीसशे वीस वजा केले, उरले चाळीस. तीन फेरे आणि वर चार पेरं. चाळिसावं नाव: पराभव.

मी मुखपृष्ठ जुळवलं. वर ‘शके १९४८’, खाली ठसठशीत अक्षरात ‘पराभवनाम संवत्सर’, आणि त्याच्या बरोबर खाली हसऱ्या चेहऱ्याचा, हात जोडलेला फोटो. फोटो एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा. ते मार्चच्या पहिल्या रविवारी चौथ्यांदा निवडणुकीला उभे राहणार होते आणि मतदारांना वाटायला पाच हजार पंचांगं घेणार होते. मी कागद मालकांपुढे ठेवला. मालकांनी आधी फोटो पाहिला, मग अक्षरं पाहिली आणि मग खुर्चीत बसले.

“हे काय छापलंय?”

“वर्षाचं नाव,” मी म्हटलं.

“माणूस निवडणुकीला उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर तू ‘पराभव’ लिहितेस?”

“मी कुठं लिहिते? ते तिथंच होतं. फोटो नंतर आला.”

मालकांनी आत्याला हाक मारली. आत्या चष्मा कपाळावर ठेवून आली.

“आत्याबाई, हे नाव बदला.”

“कशात बदलू?”

“कशातही! साठ नावं आहेत म्हणता ना? त्यातलं एखादं बरं काढा. आनंद म्हणून एक आहे, मला माहीत आहे.”

“आनंदाला अजून आठ वर्षं आहेत,” आत्या म्हणाली. “तोवर थांबायची तयारी आहे का अध्यक्षांची?”

मालक काही कच्चे नव्हते. त्यांनी मोबाइल काढला, खटाखट काहीतरी शोधलं आणि एकदम फुलले. “हे बघा! दुसऱ्या पद्धतीच्या पंचांगात याच वर्षाचं नाव वेगळं आहे. आपण ते घेऊ. शास्त्रालाही धरून झालं!”

“घ्या की. काय आहे ते?”

मालकांनी वाचलं. “रौद्र.” मग स्वतःशीच म्हणाले, “रौद्र अध्यक्ष.” आणि मोबाइल उलटा ठेवला.

पण पाच मिनिटांत पुन्हा उचलला. त्यात त्यांना आणखी एक घबाड सापडलं होतं. त्या दुसऱ्या पद्धतीत वर्षं गुरूच्या चालीवर मोजतात. गुरूला एक रास ओलांडायला सरासरी तीनशे एकसष्ट दिवस लागतात, म्हणजे वर्षाहून चार दिवस कमीच. असं साठत साठत साधारण पंच्याऐंशी वर्षांनी एक अख्खं नाव गाळावं लागतं. “गाळतात आत्याबाई, गाळतात! मग आपण एक गाळलं तर कुणाचं काय जातं? यंदाच्या विश्वावसूनंतर एकदम प्लवंग. पराभव गेला उडत.”

“त्यांच्याकडे गुरू गाळतो,” आत्या म्हणाली. “आपल्याकडे अध्यक्ष गाळणार का? आणि आपल्या पद्धतीत गाळणं नाहीच. एक नाव ओढून काढलंत की पुढच्या सगळ्या वर्षांची नावं खोटी. पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या पोरांच्या पत्रिकेत काय लिहायचं? तुमच्या ग्राहकाची निवडणूक होती म्हणून?”

मालकांचा आवाज चढला. “हा छापखाना माझा आहे.”

“हो ना. आणि तपासलेल्या प्रत्येक पानाखाली सही माझी आहे. नाव बदलायचं तर सही करणारा माणूसही बदला.”

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मशीनचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला. आत्याला नवरा नाही, मूल नाही. दोन खोल्या, एक दिवा, एक भिंग आणि हा छापखाना. इथलं टेबल गेलं तर ती सकाळी उठून कुठं जाणार, हे मला कळेना. मालक बाहेर गेले. दुपारभर आत्यानं नेहमीसारखी ग्रहणांची पानं तपासली. मी मात्र तीन ठिकाणी ‘तिथी’च्या ‘थी’ला पहिली वेलांटी दिली, आणि तिन्ही तिनं पकडल्या.

दुसऱ्या दिवशी मालक आले ते पेढे वाटावेत अशा चेहऱ्यानं. (पेढे नव्हते. नुसता चेहरा.)

“आत्याबाई, तुम्ही जिंकलात. नाव राहणार. फोटोही राहणार. आणि पाच हजारांचे सात हजार झाले!”

झालं होतं असं. मालकांना रात्री बुद्धी झाली आणि त्यांनी अध्यक्षांचं जन्मसाल विचारून घेतलं. एकोणीसशे सहासष्ट. अठ्ठ्याहत्तर वजा, अठराशे अठ्ठ्याऐंशी. अधिक बारा, एकोणीसशे. साठानं भागून बाकी चाळीस. पराभव! म्हणजे अध्यक्षांचं स्वतःचंच जन्मवर्ष साठ वर्षांनी परत येत होतं. मालकांनी फोनवर ते असं रंगवून सांगितलं की अध्यक्ष उभ्या उभ्या हुरळले. ‘मी पराभवात जन्मलो आणि तीन निवडणुका जिंकलो!’ हे वाक्य त्यांनी तिथल्या तिथं चार जणांना ऐकवलं. मुखपृष्ठासाठी मजकूरही त्यांनीच पाठवला होता: ‘जन्म फेब्रुवारी १९६६, पराभवनाम संवत्सर. पराभवाला हरवणारा माणूस.’

मला खरंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नाव वाचलं, नोकरी वाचली, मालक खूश. मी धावत मजकूर जुळवला, छापून काढला आणि आत्याच्या टेबलावर ठेवला.

आत्यानं वाचलं. अंगठा पेरांवरून फिरला. मग तिनं लाल पेन उचललं आणि ‘पराभवनाम’वर काट मारून समासात लिहिलं, ‘विश्वावसुनाम’.

मी म्हटलं, “आत्या! काय करतेस हे?”

“फेब्रुवारी आहे ना?”

हीच ती मेख. पंचांगाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, चैत्रात होतं. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत जन्मलेल्या माणसाचा शक काढताना अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी वजा करायचे. सहासष्टातून एकोणऐंशी गेले, अठराशे सत्त्याऐंशी. अधिक बारा, अठराशे नव्याण्णव. बाकी एकोणचाळीस. अध्यक्ष एका पेरानं अलीकडे सरकले आणि थेट विश्वावसूत जाऊन बसले.

मालक आले, लाल काट पाहिली आणि कपाळाला हात लावला. “एका आकड्याचा फरक! कोण मोजणार आहे?”

“मी मोजलं.”

“तुमच्याशिवाय कोण?”

“कुणीतरी म्हातारा निघतोच मोजणारा,” आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. “मी अध्यक्षांना भेटून येते. तुम्हाला सांगायला जड जातं ना, मी सांगते.”

मालक म्हणाले, “ऑर्डर गेली तर आत्याबाई, परत या टेबलावर बसू नका.” बोलून गेले आणि स्वतःच घाबरल्यासारखे दिसले. पण शब्द मागे घेतला नाही. मी रागानं संगणक बंद केला आणि आत्याच्या मागे निघाले.

अध्यक्षांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. टेबल एवढं मोठं की त्यांच्याशी बोलायला आवाज चढवावा लागे. माणूस मात्र वागायला बरा होता. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं.

“या या! पंचांगवाल्या बाई ना? काय ते वर्ष काढलंत माझं!”

“ते चुकीचं काढलंय,” आत्या म्हणाली. “तुमचं वर्ष पराभव नाही. विश्वावसू.”

तिनं टेबलावरच्या कागदावर मांडणी करून दाखवली. अध्यक्षांनी दोनदा वजाबाकी केली. दुसऱ्यांदाही एकोणऐंशीच वजा झाले.

“विश्वावसू म्हणजे चांगलं की वाईट?”

“गंधर्वाचं नाव आहे. आणि ते सध्या चालूच आहे. येत्या फेब्रुवारीत तुम्हाला साठ पुरी होतील ती विश्वावसूतच. पराभव त्यानंतर लागतो, मार्च निम्मा उलटल्यावर. तुमची निवडणूकसुद्धा तोवर होऊन गेलेली असेल.”

अध्यक्षांना हे पटलं, पण हुरळलेला माणूस इतक्या लवकर खाली येत नाही. “बाई, मी ते सगळ्यांना सांगून बसलोय. तुमचे मालकही खूश आहेत. राहू द्या ना तसंच. वर्षाच्या नावानं कुणाचं काय बिघडतं?”

आत्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, “माझं बिघडलं.”

मी तिच्याकडे पाहिलं. घरात आम्हाला एवढंच माहीत होतं की आत्याचं एक लग्न ठरून मोडलं. का, ते कुणी बोलत नसे. मी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं मला भाजी चिरायला बसवलं होतं.

“मी सहासष्टची, आषाढातली,” ती म्हणाली. “अस्सल पराभव. माझे आजोबा पंचांग जाणणारे होते. नात झाली, पत्रिका मांडायला बसले आणि त्यांचा हात अडखळला. एवढीशी पोर, तिच्या माथी ‘पराभव’ कशाला लिहा? म्हणून त्यांनी मागच्या वर्षाचं नाव लिहिलं. विश्वावसू. शक मात्र खराच लिहिला, अठराशे अठ्ठ्याऐंशी. त्यांना वाटलं, कोण मोजणार आहे?”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

“बाविसाव्या वर्षी लग्न ठरलं. मुलगा मला आवडला होता. सगळं पक्कं झालं आणि त्याच्या आजोबांनी पत्रिका हातात घेतली. त्यांचा अंगठा पेरांवरून फिरला. म्हणाले, शक एका वर्षाचा आणि नाव दुसऱ्या वर्षाचं. यातलं खोटं काय? माझे आजोबा तोवर गेले होते. वडिलांना हे गणित येत नव्हतं. ते घाबरले आणि म्हणाले, बाबांनी लिहिलेलं नाव चुकणार नाही, शकच चुकला असेल. झालं! त्या एका वाक्यानं मी वर्षानं मोठी झाले. मुलगा विश्वावसूतल्याच कार्तिकातला होता, मी त्याच्याहून चार महिन्यांनी थोरली ठरले. तेही चाललं असतं कदाचित. पण वय लपवणारी माणसं म्हणून ते उठून गेले. मी आतल्या खोलीत होते. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी मला कुठं मोजता येत होतं?”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, रागानं रडले. आत्याच्या आजोबांवर, घाबरलेल्या माझ्या आजोबांवर, त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर, सगळ्यांवर.

“पुढच्या महिन्यात मी हे गणित शिकले आणि छापखान्यात कामाला लागले,” आत्या म्हणाली. “आजोबांनी प्रेमानंच केलं हो. म्हणून धड रागही धरता येत नाही. पण मी ज्यावर सही करते त्यात तसं होऊ देणार नाही. फोटो कुठं छापायचा ते तुम्ही ठरवा. नाव ठरवणं माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही.”

मग अध्यक्षांतला उमेदवार हळूच जागा झाला. “बरं, फोटो मुखपृष्ठावरून काढा. शेवटच्या पानावर टाका. तिथं पुढच्या वर्षाचं नाव असतं ना?”

“असतं. प्लवंग.”

“म्हणजे काय?”

“वानर,” आत्या म्हणाली.

“फोटोच नको,” अध्यक्ष म्हणाले. मी रडता रडता हसले, आणि तेही हसले. उठताना म्हणाले, “पंचांगं घेतो मी. सात हजार नाही, तीन हजार घेतो. निवडणूक झाल्यावर वाटीन. मालकांना सांगा, बाईंना टेबलावरून हलवलंत तर एकही घेणार नाही.” आणि दारापर्यंत सोडायला आले. त्यांना मत देण्याचा मला अधिकार नाही, नाहीतर दिलं असतं.

मालकांनी आकडा ऐकला, चार हजारांचा हिशेब मनातल्या मनात केला आणि सुस्कारा टाकला. “तीन तर तीन,” म्हणाले. मग आत्याची खुर्ची स्वतःच टेबलाजवळ ओढून दिली. माफी मागण्याची त्यांची ही पद्धत. त्यांच्या खात्यावर असलेल्या प्रमादांतला एक आत्यानं त्या दिवशी कमी केला असावा.

मी फोटो काढून टाकला. मुखपृष्ठावर नुसती अक्षरं उरली, तीही जरा मोठी करून मधोमध आणली. कागद आत्यापुढे ठेवला. एरवी ती मुखपृष्ठ अर्ध्या मिनिटात उडवते. या वेळी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि एकेका अक्षरावर थांबत वाचायला लागली. प, रा, भ, व. मला धाकधूक झाली. म्हटलं, पुन्हा माझं एखादं अक्षर चुकलं की काय.

“आत्या, काही चुकलंय का?”

“नाही गं,” ती म्हणाली आणि खाली सही केली. “माझ्या वर्षाचं नाव कुणी बरोबर लिहिलेलं मी पहिल्यांदा बघतेय.”